चौकोनी पाइपची फ्रेम आणि तिची कटिंग लिस्ट

वेल्डिंग करून उभी केलेली लोखंडी फ्रेम बऱ्याचदा वेल्डिंगमुळे नाही, तर कापण्याच्या मापामुळे बिघडते. बाहेरचे माप आणि तुकड्याचे माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातला फरक ठरतो तो सांधा कसा जोडायचा यावरून. म्हणून सांधे आधी ठरवायचे आणि मापे नंतर काढायची.

वर्कशॉपमधल्या कामाच्या टेबलाची फ्रेम हे याचे सोपे उदाहरण. बाहेरून लांबी १२०० मिमी, रुंदी ६०० मिमी आणि उंची ८०० मिमी. माल ४० × ४० मिमीचा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप. वर चौकट, तिच्या मधोमध एक आडवी पट्टी, चार पाय, पायांना खालच्या बाजूला बांधणाऱ्या चार आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक पायाखाली ५ मिमी जाडीची प्लेट, एवढीच तिची रचना.

वरच्या चौकटीचे कोपरे ४५ अंशांत कापून जोडले, तर पाइपची तोंडे आपोआप बंद होतात आणि आत पाणी शिरत नाही. अशा तुकड्याचे माप बाहेरच्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत धरतात, म्हणजे पूर्ण १२०० आणि ६०० मिमी. दोन्ही टोकांचे काप एकमेकांच्या उलट दिशेचे असावे लागतात. ते समांतर पडले, तर तो तुकडा चौकटीत बसत नाही.

पाय चौकटीच्या खाली येतात. म्हणून ८०० मधून चौकटीचे ४० आणि प्लेटचे ५ वजा करून पायाची लांबी ७५५ मिमी येते. खालच्या पट्ट्या पायांच्या मध्ये बसतात, त्यामुळे दोन पायांची रुंदी मिळून ८० मिमी वजा होतात: लांब पट्टी ११२०, आखूड पट्टी ५२० मिमी. वरची मधली पट्टीही चौकटीच्या दोन लांब बाजूंमध्ये बसते, म्हणून तीही ५२० मिमीच.

कटिंग लिस्ट अशी होते:

- चौकट, लांब बाजू: १२०० मिमी, दोन्ही टोके ४५ अंश, २ नग
- चौकट, आखूड बाजू: ६०० मिमी, दोन्ही टोके ४५ अंश, २ नग
- पाय: ७५५ मिमी, टोके सरळ, ४ नग
- खालची लांब पट्टी: ११२० मिमी, टोके सरळ, २ नग
- खालची आखूड पट्टी आणि वरची मधली पट्टी: ५२० मिमी, टोके सरळ, ३ नग

हेच काम सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये करताना आधी रेषांचा सांगाडा काढतात आणि `Structural Member` या आज्ञेने त्यावर पाइप चढवतात. रेषा पाइपच्या मध्यातून जाणार असेल, तर सांगाडा १२०० × ६०० नव्हे, ११६० × ५६० मिमीचा काढावा लागतो. त्यानंतर `Trim/Extend` वापरून पाइप एकमेकांत घुसलेले भाग छाटायचे असतात. ही पायरी राहिली, तर यादीत खालची लांब पट्टी ११६० मिमीची दिसते. पट्टीच्या लांबीत दोन पायांची रुंदी मिळवून बाहेरचे माप येते का, हे पाहिले की चूक लगेच पकडता येते: ११२० अधिक ८० बरोबर १२००.

लिस्ट तयार झाली की माल किती लागेल ते काढायचे. सर्व तुकड्यांची बेरीज १०,४२० मिमी, वजन साधारण ३५ किलो. बाजारातला पाइप ६ मीटरचा मिळतो, म्हणजे दोन पाइप लागतील. पण नुसत्या बेरजेवर विसंबता येत नाही. कटरची चकती प्रत्येक कापाला सुमारे ३ मिमी धातू खाते आणि तुकडे पाइपमध्ये नीट बसवावे लागतात.

मोठे तुकडे आधी लावले, तर पहिल्या पाइपमधून १२०० चे दोन, ११२० चे दोन, ७५५ चा एक आणि ५२० चा एक निघतो. सहा काप धरून ५९३३ मिमी खर्च होतात आणि ६७ मिमी उरतात. पाइपचे खराब टोक काढायला तेवढे पुरतात. दुसऱ्या पाइपमधून उरलेले सात तुकडे निघतात आणि जवळपास दीड मीटरचा अखंड तुकडा पुढच्या कामाला राहतो.

कापलेल्या तुकड्यांवर नग क्रमांक लिहून आधी फक्त टाके मारतात. मग वरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजतात. बाहेरून प्रत्येक कर्ण सुमारे १३४२ मिमी भरायला हवा. दोन्हींत फरक आला, तर चौकट काटकोनात नाही. त्या वेळी ती दाबून सरळ करता येते. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर सांधे कापण्यावाचून इलाज उरत नाही. वेल्ड थंड होताना आकसतो, म्हणून पूर्ण वेल्डिंग एका कोपऱ्याहून समोरासमोरच्या कोपऱ्याकडे, थोडे थोडे करत न्यावे लागते.