दहा वस्तू ‘लेस’ की ‘फ्यूअर’?

ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानांत झटपट पैसे भरण्याच्या रांगेवर पूर्वी ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी असे. व्याकरणप्रेमींना ती खटकायची. वस्तू मोजता येतात, तेव्हा तिथे ‘फ्यूअर’च हवे, असे त्यांचे म्हणणे. अखेर 2008 मध्ये टेस्कोने ‘अप टू टेन आयटम्स’ असे लिहून दोन्ही शब्दांना बगल दिली.

शाळेत शिकवला जाणारा नियम सोपा आहे. पाणी, वेळ, पैसा यांसारख्या न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘लेस’. आंबे, पुस्तके, माणसे यांच्यासाठी ‘फ्यूअर’. मराठीत दोन्हीकडे ‘कमी’च चालतो, त्यामुळे आपल्याला हा भेद घोकावा लागतो.

पण हा नियम वाटतो तितका जुना नाही. नवव्या शतकातल्या इंग्रजीत राजा आल्फ्रेडच्या लेखनातही मोजता येणाऱ्या शब्दांबरोबर ‘लेस’ सापडतो. तेव्हा त्याच्यापुढचे नाम षष्ठीत येई. म्हणजे रचना ‘शब्दांपैकी कमी’ अशी होती. पुढे विभक्तीचे प्रत्यय झिजले आणि ‘लेस वर्ड्स’ उरले. 1770 मध्ये रॉबर्ट बेकर या लेखकाने संख्येसाठी ‘फ्यूअर’ आपल्याला अधिक योग्य वाटतो, असे मत मांडले. त्याची ही आवड पुढे व्याकरणाच्या पुस्तकांत नियम होऊन बसली.

तरीही ‘लेस दॅन टेन माइल्स’, ‘लेस दॅन टेन मिनिट्स’, ‘लेस दॅन टेन रुपीज’ असे लिहिणाऱ्याला कोणी टोकत नाही. मैल, मिनिटे, रुपये मोजता येतात, मग असे का? कारण इथे आपण एकेक मैल वेगळा धरत नाही. दहा मैल मिळून एक अंतर होते, दहा रुपये मिळून एक रक्कम. ओळखण्याची खूण क्रियापदात आहे. इंग्रजीत ‘टेन माइल्स इज अ लाँग वे’ म्हणतात, तिथे एकवचनी ‘इज’ येते. ‘टेन मँगोज आर राइप’ म्हणताना मात्र ‘आर’ लागते, कारण प्रत्येक आंबा वेगळा पिकलेला असतो. जिथे ‘इज’ शोभते तिथे ‘लेस दॅन’ बसते. ‘फ्यूअर दॅन टेन रुपीज’ म्हटले, तर खिशातली एकेक नाणी मोजल्यासारखे वाटते.

पाटीवरचे ‘ऑर लेस’ही याच अंगाने समजते. दुकानदार तिथे एका खरेदीची मर्यादा सांगत असतो आणि ‘लेस’पुढे नामही नसते. ‘ट्वेंटीफाइव्ह वर्ड्स ऑर लेस’ हा स्पर्धांमधला ठरीव प्रयोगही असाच रुळला.

मात्र ही सवलत सरसकट नाही. ‘लेस स्टुडंट्स’ बोलण्यात सर्रास येते, पण औपचारिक लेखनात आजही चूक धरतात. नाम लगेच पुढे असेल आणि माणसे किंवा वस्तू सुट्या मोजायच्या असतील, तर परीक्षेत ‘फ्यूअर’च लिहावे.