थायरॉइडची गोळी आणि सहा आठवड्यांची वाट

थायरॉइडची गोळी सुरू झाली की डॉक्टर सांगतात, ‘सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासा.’ अनेकांना एवढा धीर धरवत नाही. पंधराव्या दिवशीच तपासणी होते, टीएसएच अजून चढलेलाच दिसतो आणि गोळी लागू पडत नाही असा समज होतो. फार्मसीच्या विद्यार्थ्यांना शिकवला जाणारा एक साधा हिशेब पाहिला, तर ही वाट कशासाठी पाहायची ते कळतं.

या गोळीतल्या लेव्होथायरॉक्सिनचा अर्धायुकाल, म्हणजे हाफ-लाइफ, साधारण ७ दिवस असतो. शरीरात आज जेवढं औषध आहे त्यातलं निम्मं आठवड्याभरात संपतं, उरलेल्याचं निम्मं पुढच्या आठवड्यात. दिवसाचा हिशेब केला तर रोज सुमारे दहावा हिस्सा जातो. जाणारं औषध हा ठरलेला आकडा नसून हिस्सा आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

समजा, रोज ५० मायक्रोग्रॅमची गोळी आहे आणि ती पूर्ण शोषली जाते. (प्रत्यक्षात थोडी कमीच शोषली जाते.) पहिल्या दिवशी अंगात ५० असतात आणि त्यातले जेमतेम ५ जातात. बाकीचे साठ्यात राहतात, त्यांवर दुसऱ्या दिवशी नवे ५० पडतात. साठा २५०च्या घरात पोचला की रोज २५ जाऊ लागतात. आवक अजूनही जास्तच, म्हणून साठा वाढत राहतो. तो ५००च्या आसपास आला की रोज ५० येतात आणि ५०च जातात. हीच स्थिर पातळी, स्टेडी स्टेट. पहिल्या आठवड्यात तिचा निम्मा पल्ला गाठला जातो, दुसऱ्यात पाऊण, चौथ्याच्या अखेरीस सुमारे ९४ टक्के. म्हणून चार ते पाच अर्धायुकाल मोजायचे. थायरॉइड मंदावलेल्यांत अर्धायुकाल ९-१० दिवसांपर्यंत लांबतो, आणि औषध स्थिरावल्यावरही टीएसएच उतरायला वेळ घेतो.

डोस दुप्पट केला तर? पातळी ५००ऐवजी हजारावर स्थिरावेल, पण तिथवर पोचायला तेवढेच आठवडे लागतील. घाईने डोस वाढवण्यात धोका आहे तो इथेच. पंधराव्या दिवशी वाढवलेल्या डोसचा पूर्ण परिणाम महिन्या-दीड महिन्याने दिसतो. तोवर पातळी गरजेपलीकडे गेलेली असू शकते. मग छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप उडते. आणि डोस कमी केला तरी पातळी त्याच संथ गतीने उतरते.

एखाद्या दिवशी गोळी राहिली, तर साठा फक्त दहाव्या हिश्श्याने घटतो, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. गोळीसोबतच रोज कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेतली, तर मात्र शोषण घटतं आणि स्थिर पातळीच खालची ठरते. या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर ठेवावं.