दूध फाडावं, पण बेतानं

घरचं पनीर दोन तऱ्हांनी बिघडतं. एक तर ते चिवट होतं, नाही तर सुरी लावताच त्याचा भुगा पडतो. दोष दुधाला दिला जातो. खरी गडबड बहुतेक वेळा दूध फाटतानाच्या चार मिनिटांत झालेली असते.

समजा, 1 लिटर म्हशीचं दूध घेतलं. जाड बुडाच्या पातेल्यात ते तळापासून ढवळत उकळीला आणायचं. ही उकळी केवळ जंतू मारायला नसते. एरवी निवळीबरोबर वाहून गेली असती अशी काही प्रथिनं 90 अंशांच्या आसपास केसिनला चिकटतात आणि पनीरच्या पदरात पडतात. नुसत्या कोमट केलेल्या दुधात लिंबू पिळलं तर पनीर कमी निघतं, ते यामुळेच. मात्र खळखळत्या दुधात आंबट ओतण्याची घाई नको. गॅस बंद करून थोडा वेळ ढवळावं आणि दूध 75-80 अंशांवर उतरू द्यावं.

आता आंबट. साधारण 2 मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळावा, किंवा 2 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड कपभर गरम पाण्यात विरघळवावं. व्हिनेगरही चालतं, फक्त नंतर गोळा धुवावा, नाहीतर वास राहतो. दही किंवा आंबट ताक सौम्य असल्यानं बरंच लागतं. लिंबू लिंबासारखं नसतं, तेव्हा चमच्यांच्या मापावर फार विसंबू नये. थोडं थोडं ओतत, डाव हळुवार फिरवत पातेल्यात पाहत राहावं. पाणी दुधाळ आहे तोवर आंबट कमी पडलंय. ते हिरवट-पिवळं आणि नितळ झालं, की उरलेला रस बाजूला ठेवावा.

हा थांबा चुकला, की भुगा. केसिनचे कण कॅल्शियमच्या आधारानं एकमेकांना धरून असतात. आंबट जास्त झालं, की हे कॅल्शियम विरघळून निवळीत जातं, कण सुटे पडतात, वर पनीर आंबूसही लागतं. जोरानं घोटल्यानंही तेच होतं. गाईच्या दुधात ही पकड मुळातच नाजूक, म्हणून त्याचा छेना रसगुल्ल्याला छान, पण मटर पनीरमध्ये तुकडे टिकणं अवघड.

चिवटपणाचं कारण उष्णता. दूध फाटल्यावरही गॅस चालू राहिला, तर प्रथिनं आवळत जातात आणि आतलं पाणी पिळून निघतं. कमी स्निग्धांशाच्या टोन्ड दुधाचं पनीरही घट्ट होतं, कारण प्रथिनांच्या जाळ्यात मऊपणा राखणारी चरबीच कमी असते.

गोळा गरम असतानाच मलमलच्या फडक्यात बांधून वर पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवावं. गार झालेले कण नीट सांधत नाहीत. वीसेक मिनिटं पुरेत. मग तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवलं, की वडी घट्ट बसते. लिटरभर दुधातून साधारण 200 ग्रॅम पनीर निघतं आणि उरलेली निवळ कणीक भिजवायला उपयोगी पडते.

चांगलं जमलेलं पनीरही तळून कडक होतंच. तळलेले तुकडे रश्श्यात सोडण्याआधी दहा मिनिटं मिठाच्या कोमट पाण्यात ठेवावेत.