‘नाही’ म्हणण्याचा सराव

निर्णय घेणं, ताण हाताळणं आणि संवाद साधणं ही जीवनकौशल्यं फळ्यावर लिहून येत नाहीत. प्रसंग वठवून येतात. नववीच्या वर्गात प्रसंग द्यावा: उद्या परीक्षा आहे आणि मित्र म्हणतोय, “चल, गाडीवर चक्कर मारू. लायसन्स कोण बघतंय?” मुलाने आधी एक संथ श्वास घ्यावा, दोन्ही पर्यायांचे परिणाम मनात मांडावेत, मग सबबी न सांगता म्हणावं, “नाही रे, मी येत नाही. परवा भेटू.” मित्राने पुन्हा आग्रह करावा, कारण खरा कस दुसऱ्या नकाराला लागतो. नंतर भूमिका बदलाव्यात. मुलं शिक्षकांना आवडेल तेच बोलू लागली, तर प्रसंग त्यांच्या जगातला नाही असं समजावं. पुढचे प्रसंग त्यांच्याकडूनच निनावी चिठ्ठ्यांवर मागवावेत.