ताटातलं माप आणि मैदानावरची मुलगी

ग्वाल्हेरात 2006 साली राज्याची महिला हॉकी अकादमी सुरू झाली आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुली रोज पहाटे स्टिक घेऊन मैदानावर दिसू लागल्या. मुलगी हलकी असली की चपळ होते, ही समजूत तेव्हा घराघरांत होती. मुलगी जड वाटली की भात-तूप बंद व्हायचं. पाळी लांबली तर ‘सरावाने होतं असं’ म्हणून सोडून दिलं जाई.

पण अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी 1992 मध्येच धोका ओळखला होता. कमी खाणं, पाळी बंद होणं आणि हाडं कमजोर होणं, ही तिन्ही एकत्र येतात असं त्यांनी मांडलं. 2007 मध्ये भर उपलब्ध ऊर्जेवर आला, म्हणजे सरावात खर्च होऊन शरीराच्या इतर कामांना जे उरतं त्यावर. 2014 मध्ये ऑलिंपिक समितीने त्यात मुलग्यांनाही धरलं.

समजा, मुलगी 14 वर्षांची, वजन 45 किलो. चरबी वगळता शरीर साधारण 36 किलो. ती दिवसाला 1600 कॅलरी खाते आणि दोन तासांच्या सरावात 500 खर्च करते. उरल्या 1100, म्हणजे त्या 36 किलोंतल्या दर किलोला जेमतेम 30. प्रौढ स्त्रियांत याखाली संप्रेरकं बिघडताना दिसली, पुरेसं मानतात ते 45 च्या आसपास. वाढत्या वयाचा खर्च त्यात धरलेलाच नाही, म्हणून हा आकडा किमान समजावा. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये या वयाच्या मुलीसाठी 2400 कॅलरी सांगितल्या, त्याही मध्यम हालचालीच्या मुलीसाठी.

ही तूट भरायला घरातलंच अन्न पुरतं, फक्त वेळ साधायला हवी. सरावाआधी केळं आणि दूध, आटोपल्यावर तासाभरात शेंगदाणे घातलेले पोहे किंवा थालीपीठ-दही. डब्यात नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त, वरणात तूप. हिवाळ्यात मुरैन्याची गजक असतेच, तीळ-गूळ खिशात मावतो. कॅलरी मोजणं मात्र मुलीवर सोपवू नये, तिथूनच कमी खाण्याचं वेड लागू शकतं. प्रशिक्षकांनीही सगळ्यांसमोर वजन घेणं थांबवावं. ते लाजेने उपाशी ठेवतं.

खूण तराजूवर शोधू नये, कारण वजन स्थिर राहूनही ऊर्जा कमी पडलेली असू शकते. उंचीची वाढ रेंगाळणं, वारंवार सर्दी-ताप, नडगीवर बोट दाबलं की एकाच ठिकाणी दुखणं, ही पाहावी. पाळी तीन महिने आली नाही किंवा पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे न्यावं. नुसती पाळी आणणारी गोळी घेतल्याने कमी खाण्याचं कारण झाकलं जातं, हाडांची तूट तशीच राहते. अन्न वाढवलं की पाळी परत यायला बहुतेकदा काही महिने लागतात. तोवर सराव कमी करावा, ताट नव्हे.