तेहतीस कोटी देव आणि ‘कोटी’ची कैफियत

सणासुदीच्या दिवसांत कोणा ना कोणा व्याख्यात्याच्या मुखातून, आणि अलीकडे सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर येऊन पडणाऱ्या संदेशांतून, एक ‘खुलासा’ मोठ्या आत्मविश्वासाने ऐकू येतो. तो असा की, हिंदूंचे देव तेहतीस कोटी आहेत ही निव्वळ अडाणी समजूत असून, संस्कृतात ‘कोटी’ म्हणजे ‘प्रकार’, सबब देव तेहतीस प्रकारचे. संस्कृत न जाणणाऱ्या परकीयांनी ‘कोटी’चा अर्थ शंभर लाख असा लावला आणि आपण तो मुकाट्याने स्वीकारला. ऐकणारा क्षणभर दिपतो, कारण या खुलाशात एक गोष्ट खरी आहे: ‘कोटी’ला ‘प्रकार’ किंवा ‘दर्जा’ असा अर्थ आहे. उच्च कोटीचा गवई असे आपण म्हणतोच. परंतु एखाद्या शब्दाला एक अर्थ आहे यावरून तोच अर्थ या वाक्यात आहे असे सिद्ध होत नाही, एवढी साधी गोष्ट सुशिक्षित माणसे पुनःपुन्हा विसरतात, याचा मात्र आता खरोखर वीट आला आहे.

‘कोटी’ हा शब्द अर्थांच्या बाबतीत विलक्षण श्रीमंत आहे. धनुष्याचे टोक ही कोटी. रामेश्वरापलीकडील धनुष्कोडीच्या नावात तोच अर्थ आहे. टोक म्हणजे परमावधी, म्हणून पराकोटीचा संताप. भास्कराचार्यांच्या लीलावतीत काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू भुज आणि कोटी, आणि तिसरी कर्ण. त्याच ग्रंथात आरंभी संख्यास्थाने सांगताना एक, दश, शत असे चढत गेल्यावर आठवे स्थान पुन्हा कोटीच. युक्तिवादाची मांडणी म्हणजे कोटिक्रम, आणि अत्रे व्यासपीठावर उभे राहिले की जी फेकीत ती शब्दश्लेषाची कोटी, ही तर मराठीने घातलेली खास भर. इतके अर्थ एका शब्दाच्या पदरी असताना वाचक गोंधळत कसा नाही? अंदाजपत्रकात शंभर कोटींची तरतूद वाचून कोणी शंभर प्रकारची तरतूद समजत नाही, किंवा वक्त्याच्या कोटीला सभा हसली हे वाचून कोणी त्रिकोणाची बाजू शोधीत बसत नाही. अर्थाची निवड आपण दर घटकेला करीत असतो, फक्त ती कशाच्या आधारे करतो याची दप्तरी नोंद ठेवीत नाही.

ती नोंद आपल्याकडे फार पूर्वी झालेली आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गमकांची यादीच दिली आहे: संसर्ग, साहचर्य, विरोध, प्रकरण, जवळ आलेला दुसरा शब्द, औचित्य, देश, काल इत्यादी. ‘सैंधव आण’ हे शास्त्रकारांचे आवडते उदाहरण. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधुदेशीचा घोडाही; धनी पानावर बसला असेल तर मीठ आणावे आणि स्वारीला निघाला असेल तर घोडा. येथे शब्दकोश निरुपयोगी आहे, कारण त्यात दोन्ही अर्थ सारख्याच अधिकाराने बसलेले असतात. फैसला करते ते प्रकरण.

आता हीच गमके तेहतीस कोटी देवांना लावून पाहू. प्रथम जवळचा शब्द. ‘प्रकार’ या अर्थाने कोटी आली की मराठीत तिला षष्ठीचा आधार लागतो: उच्च कोटीचा, त्या कोटीतला. देव तेहतीस प्रकारचे म्हणायचे असते तर ‘तेहतीस कोटींचे देव’ असे काहीतरी म्हणावे लागले असते. म्हण मात्र ‘तेहतीस कोटी देव’ अशी आहे. ‘दोन लाख माणसे’ किंवा ‘पाच हजार रुपये’ यांच्यासारखी, संख्येच्या सरळ वहिवाटीने चाललेली. संस्कृत समासात ओढूनताणून दुसरा विग्रह करता येईल, हे मान्य. म्हणून केवळ व्याकरणावर न थांबता साहचर्य पाहावे.

परंपरेच्या गणतीत हे देव एकटे येत नाहीत. त्यांच्या पंक्तीला अठ्ठ्याऐंशी सहस्र ऋषी असतात, चौऱ्यांशी लक्ष योनी असतात, छप्पन्न कोटी चामुंडा असतात, आणि औट कोटी भुतावळही असते. सहस्र आणि लक्ष यांना ‘प्रकार’ म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही. आणि औट म्हणजे साडेतीन. ज्यांना कोटी म्हणजे प्रकार हवा आहे त्यांनी भुतांचे साडेतीन प्रकार मोजून दाखवावेत. तीन प्रकारांची भुते आम्ही कशीबशी मान्य करू, परंतु उरलेल्या अर्ध्या प्रकाराचे भूत पाहण्याची आमची फार इच्छा आहे. ही भाषा संतवाङ्मयातली, म्हणजे इंग्रजी कचेऱ्या येथे उघडण्याच्या कितीतरी आधीची, असल्यामुळे परकीयांनी अर्थ बिघडवला हा आरोपही आपोआप निकालात निघतो.

मग तेहतीस ही संख्या कोठली? तिचा दाखला बृहदारण्यक उपनिषदात, तिसऱ्या अध्यायाच्या नवव्या ब्राह्मणात आहे. शाकल्य विचारतो, देव किती? याज्ञवल्क्य प्रथम तीन हजार तीनशे सहा सांगतो. शाकल्य पुन्हा विचारतो, तेव्हा तेहतीस, मग सहा, तीन, दोन, दीड आणि अखेरीस एक. तेहतिसांची फोडही तेथेच आहे: 8 वसू, 11 रुद्र, 12 आदित्य, आणि इंद्र व प्रजापती. या संवादात ‘कोटी’ हा शब्दच नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे तेहतीस प्रकार नव्हेतच. अग्नी, पृथ्वी, वायू हे एकेक वसू आहेत. वर्षाचे बारा महिने हे बारा आदित्य. वर्ग पाहिले तर वसू, रुद्र आणि आदित्य हे तीन, आणि दोघे स्वतंत्र. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधारावर ‘तेहतीस प्रकार’ उभे करायचे, तोच ग्रंथ त्यांना तेहतीस एकेकटे देव म्हणतो.

वाटेत भेटणारे इतर भ्रम थोडक्यात आटोपतो. शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा, हे खोटे; तसे असते तर दर कोट्यधीशाच्या हाती धनुष्य असावे लागले असते. कोशात पहिला छापलेला अर्थ मुख्य, हेही खोटे. पुष्कळ कोशांत तो केवळ कालक्रमाने पहिला असतो. अनेक अर्थ असणे हा भाषेचा दोष, असे म्हणणाऱ्याने वर्तमानपत्रात विदर्भाचा पारा चढल्याची बातमी वाचून विदर्भ कोणावर रागावला याची चौकशी केली होती काय, ते सांगावे. संदर्भ मात्र प्रत्येक वेळी निकाल देतोच असेही नाही: मागचेपुढचे काही न सांगता कोणी नुसते ‘सैंधव’ एवढेच लिहून पाठवले, तर पुन्हा विचारून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

देव तेहतीसच आहेत असे ज्यांचे मत असेल त्यांनी खुशाल तेहतीस म्हणावे. याज्ञवल्क्य त्यांच्या बाजूने साक्षीला उभा आहे. आणि तेहतीस कोटी म्हणायचे असतील तर ते तेहतीस कोटीच, म्हणजे तेहतीसशे लाख, असे समजून म्हणावे. दोन्ही हवेत म्हणून मधल्या शब्दाला वेठीस धरू नये.