शांत समुद्र आणि मतलई वारा

डिसेंबर-जानेवारीत कोकणच्या किनाऱ्यावर सकाळी सातला समुद्र काचेसारखा सपाट असतो. उभ्याने वल्हवायचा पॅडलबोर्ड पहिल्यांदाच पायाखाली घेणाऱ्याला वाटतं, शिकायला याहून चांगली वेळ नाही. नेमकी हीच वेळ फसवी असते.

रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. शाळेच्या भूगोलातला हाच तो मतलई वारा. किनाऱ्यालगत माडांची आणि घरांची आड असते, त्यामुळे तो अंगाला फारसा जाणवत नाही. शिवाय लाट उठायला वाऱ्याला पाण्यावरून लांबवर धावावं लागतं. काठाशी त्याची धाव नुकती सुरू झालेली असते, म्हणून तिथलं पाणी सपाट दिसतं. दोनशे-तीनशे मीटर आत गेलं की आड संपते, पाणी खडबडीत होतं आणि तुम्ही वाऱ्याच्या तावडीत सापडता.

हिशोब करून पाहू. नवशिक्या माणूस वारा नसताना ताशी ४ किलोमीटर वेगाने वल्हवतो आणि वारा त्याला ताशी २ किलोमीटरने ढकलतो, असं धरा. जाताना वेग होतो ६, म्हणजे वीस मिनिटांत तो २ किलोमीटर आत पोचतो आणि आपल्याला हे छान जमतंय म्हणून खूश होतो. परतताना वेग उरतो २, म्हणजे तेच अंतर कापायला तासभर लागतो. दमल्यावर वल्हवणं निम्म्यावर आलं की तो जागचा हलतच नाही. उभ्या माणसाचं अंग वारा अडवतं, म्हणून अशा वेळी आधी गुडघ्यांवर बसावं. तेवढ्याने भागलं नाही तर वल्हं छातीखाली दाबून पालथं पडावं आणि हातांनी पाणी ओढावं.

पाण्यात उतरण्यापूर्वी समुद्राकडे तोंड करून उभे राहा. वारा मानेला मागून लागतोय, मूठभर सुकी वाळू सोडली तर ती पाण्याकडे उडतेय, लांबवर पांढरा फेस दिसतोय, यातलं एक जरी आढळलं तरी त्या वेळी समुद्रात जाऊ नका.

मग जायचं कुठे? देवबागला समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. किनाऱ्याकडे पाठ फिरवून नदीच्या बाजूला गेलात तर दोन्हीकडे काठ मिळतो. वाऱ्याने ढकललं तरी कुठेतरी जमिनीला लागता. नदीच्या मुखापासून मात्र लांब राहा, कारण ओहोटीचं पाणी तिथूनच समुद्रात खेचत नेतं. कोकणातले जुने लोक तिथीला तीनने गुणून चारने भागतात आणि पूर्ण भरतीची अंदाजे वेळ काढतात. दशमीला हे उत्तर साडेसात येतं. म्हणजे सहाला उतरावं आणि भरती पुरी व्हायच्या आत काठावर यावं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण नवशिक्यांनी टाळलेलंच बरं. स्थानिक मच्छीमार आज नको म्हणाला तर वाद घालू नका.

आता लीश, म्हणजे बोर्ड आणि माणूस यांना जोडणारा पट्टा. तो नसला आणि तुम्ही पडलात, तर हलका बोर्ड वाऱ्याबरोबर असा सरकतो की चांगल्या पोहणाऱ्यालाही तो गाठता येत नाही. मोकळ्या, अडथळा नसलेल्या पाण्यात घोट्याला बांधायची लीश ठीक आहे. वाहत्या पाण्यात तीच जीवघेणी ठरते. खाडीत जाळ्यांचे खुंट असतात, नांगरलेल्या होड्यांचे दोर असतात. बोर्ड एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला, असं झालं आणि मधे लीश अडकली की प्रवाह तुम्हाला ताणून पाण्याखाली दाबतो. तेव्हा वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही.

३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्ट इथे पुराने फुगलेल्या नदीच्या बंधाऱ्यावरून पॅडलबोर्डवाल्यांचा एक गट खाली गेला आणि चौघांचा जीव गेला. त्यानंतर तिकडे लीशच्या प्रकाराची चर्चा जोरात झाली.

नदीत आणि खाडीत कमरेचा पट्टा हवा. त्याची गाठ एका झटक्यात सुटणारी असते आणि ती ओढायचा गोळा पोटाशी येतो. पट्टा लाइफ जॅकेटच्या वरून बांधावा, नाहीतर गोळा जॅकेटखाली दडतो. काठावर डोळे मिटून दोन्ही हातांनी तो ओढून पाहावा. भाड्याने बोर्ड देणारे बहुतेक वेळा घोट्याचीच लीश पुढे करतात. कमरेची नसेल तर वाहत्या पाण्यात उतरू नका, पैसे गेले तरी चालतील.

वाऱ्याने आत नेलंच तर बोर्ड सोडून पोहत किनारा गाठायचा प्रयत्न करू नका. तो तुम्हाला तरंगत ठेवतो आणि शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा लवकर दिसतो. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून बोर्डाला नव्हे, गळ्यात अडकवा. त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आधीच साठवून ठेवा.